टक्केवारी नको, दवबिंदू सांगा

हवामानाच्या बातमीत तीन आकडे ठरलेले असतात: कमाल तापमान, किमान तापमान आणि आर्द्रता. पहिल्या दोघांबद्दल माझी तक्रार नाही, तिसऱ्याबद्दल आहे. आर्द्रता टक्क्यांत छापली जाते आणि वाचणारा सरळ अर्थ लावतो की टक्के जास्त म्हणजे चिकचिक जास्त. यवतमाळात राहणाऱ्या माणसाला हा अर्थ वर्षभर फसवतो.

डिसेंबरच्या एखाद्या सकाळी पेपरात आर्द्रता ८८ टक्के दिसते. त्या वेळी आपण स्वेटर घालून चहा पीत असतो, ओठ फुटलेले असतात, हाताला खोबरेल लावावं लागतं. ऑगस्टमधल्या एखाद्या उघडिपीच्या दुपारी आर्द्रता ६३ टक्के असते आणि त्या वेळी सदरा पाठीला चिकटलेला असतो, वहीवर मनगटाचा ओला ठसा उमटतो. ८८ ला कोरडं आणि ६३ ला चिकट! आकडा खोटा नाही. पण आपल्याला जे विचारायचं आहे, त्याचं उत्तर तो देत नाही.

मी भाषेचा शिक्षक आहे, विज्ञानाचा नाही. पण टक्केवारी म्हणजे काय हे शिक्षकाला कुणी वेगळं शिकवावं लागत नाही. वर्गात ३० मुलं हजर आहेत आणि पट ३२ चा आहे, तर हजेरी ९४ टक्के. तीच ३० मुलं हजर आहेत आणि पट ४८ चा आहे, तर हजेरी ६३ टक्के. मुलं तेवढीच, गोंगाट तेवढाच. बदलला तो पट. आर्द्रतेच्या टक्केवारीचं नेमकं हेच होतं. हवेत वाफ किती हजर आहे ही एक गोष्ट, आणि त्या तापमानाला जास्तीत जास्त किती वाफ मावू शकते, म्हणजे पट किती, ही दुसरी. तापमान वाढलं की हा पट झपाट्याने वाढतो. आपल्याकडच्या तापमानात दर ११ अंशांना तो साधारण दुप्पट होतो.

वरचे ३०, ३२ आणि ४८ हे आकडे मी मनाने घेतलेले नाहीत. वाफेचा दाब मिलिबारमध्ये मोजतात. २५ अंशांच्या हवेत वाफेचा दाब जास्तीत जास्त ३२ मिलिबारपर्यंत जातो, ३२ अंशांच्या हवेत जवळपास ४८ पर्यंत. आता ऑगस्टचा एक नेहमीसारखा दिवस घ्या. सकाळी सहाला २५ अंश तापमान आणि हवेत ३० मिलिबार वाफ: आर्द्रता ९४ टक्के. दुपारी तीनला ३२ अंश आणि वाफ तीच ३० मिलिबार: आर्द्रता ६३ टक्के. कागदावर हवा एक तृतीयांशाने सुकली. प्रत्यक्षात वाफेचा एक कणही कुठे गेलेला नाही, आणि दुपारी घाम मात्र सकाळपेक्षा जास्त येतोय.

डिसेंबरच्या सकाळी १२ अंशांना पट फक्त १४ चा असतो. त्यातले १२ हजर, म्हणून टक्केवारी ८८ च्या आसपास. त्याच दिवशी दुपारी २९ अंश झाले की पट ४० चा होतो, हजर तेच १२, आणि आर्द्रता ३० टक्क्यांवर येते. डिसेंबरच्या हवेत वाफ ऑगस्टच्या निम्मीही नव्हती. ८८ या आकड्याने ते लपवलं.

मग हजर मुलांची संख्या सांगणारा आकडा कोणता? तो म्हणजे दवबिंदू. हवा थंड करत गेलं की पट आक्रसत जातो. एका तापमानाला पट आणि हजेरी समान होतात, वर्ग गच्च भरतो. त्याहून थंड केलं की जादा वाफ पाणी होऊन बाहेर पडते: गवतावर, गाडीच्या काचेवर, थंड पेल्यावर. त्या तापमानाला दवबिंदू म्हणतात. उर्दूत दवाला शबनम म्हणतात. शब म्हणजे रात्र आणि नम म्हणजे ओल. रात्र हवेला थंड करते आणि लपलेली ओल दिसू लागते, एवढी सगळी प्रक्रिया त्या एका शब्दात आहे.

वरच्या ऑगस्टच्या दिवसाचा दवबिंदू सकाळीही २४ आणि दुपारीही २४. डिसेंबरच्या दिवसाचा सकाळीही १० आणि दुपारीही १०. दिवसभरात तो एखाद-दोन अंश इकडेतिकडे होतो, पण दुपारचं ऊन त्याला टक्केवारीसारखं लोळवत नाही. तो मोठा बदलला तर समजायचं की वारा फिरला, दुसरी हवा आली. म्हणून पेपरात एकच आकडा छापायचा असेल, तर दवबिंदू सकाळी छापला तरी तो दुपारी बराच खरा राहतो. टक्केवारी चहा थंड होईपर्यंत शिळी झालेली असते.

आता चिकचिकीकडे येऊ. घामाचं काम अंग ओलं करणं नाही, उडून जाणं आहे. एक लिटर घाम कातडीवरून वाफ होऊन उडाला, तर तो अंगातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम हनुवटीवरून जमिनीवर ठिबकला, तर अंगातलं पाणी आणि मीठ गेलं, थंडावा जवळपास काहीच मिळाला नाही. घाम उडणार की ठिबकणार, हे दोन दाबांच्या फरकावर ठरतं. घामेजलेली कातडी साधारण ३५ अंशांची असते आणि त्या तापमानाला पाण्याच्या वाफेचा दाब ५६ मिलिबार असतो. कातडी ५६ च्या जोराने वाफ बाहेर ढकलते, समोरची हवा तिच्यातल्या वाफेच्या जोराने उलट ढकलते.

मे महिन्यात यवतमाळला ४२-४३ अंश असतात आणि दवबिंदू १० च्या आसपास असला, तर हवेचा उलटा रेटा १२ मिलिबारचा. ५६ वजा १२, म्हणजे ४४. घाम येतो कधी आणि उडतो कधी, कळतही नाही. सदऱ्यावर फक्त मिठाची पांढरी रेघ राहते. ऑगस्टमध्ये दवबिंदू २४, उलटा रेटा ३० चा. ५६ वजा ३०, म्हणजे २६. घाम उडण्याचा जोर निम्म्याच्या जवळ आला. शरीर मग आणखी घाम काढतं, तो उडत नाही, साचतो. यालाच आपण चिकचिक म्हणतो. उर्दू बोलणाऱ्या घरात वारा पडलेल्या अशा हवेला ‘हब्स’ म्हणतात, म्हणजे कोंडी, आणि शब्द अगदी योग्य आहे. घामाला बाहेर पडायची वाट मिळत नाही.

या वजाबाकीत टक्केवारी कुठेच आली नाही हे पाहा. कातडीला हवेचा पट किती याच्याशी देणंघेणं नाही, हवेत वाफ किती हजर आहे याच्याशी आहे. म्हणून चिकचिकीचा अंदाज दवबिंदूवरून लागतो. ढोबळमानाने, दवबिंदू १५ च्या खाली असेल तर अंग कोरडं राहतं. १८ ते २० ला दमटपणा जाणवू लागतो. २१ च्या पुढे चिकचिक सुरू होते आणि २४ च्या पुढे सावलीत बसून पंखा लावला तरी बरं वाटत नाही. आपण सवयीची माणसं आहोत, मुंबई-रत्नागिरीची आपल्याहून जास्त सवयीची, त्यामुळे कुणाची रेघ एखाद्या अंशाने पुढेमागे होईल. क्रम बदलत नाही.

टोकाचं उदाहरण सौदीतलं आहे. आपल्यातल्या बऱ्याच घरांतली मुलं आखातात कामाला आहेत, त्यांना ते गाव ठाऊक असेल. धहरानला ८ जुलै २००३ रोजी दवबिंदू ३५ अंश नोंदला गेला, जगात आजवर नोंदल्या गेलेल्या सर्वांत जास्त दवबिंदूंपैकी तो एक. तापमान तेव्हा ४२ होतं. पर्शियन आखाताचं उथळ, तापलेलं पाणी जवळ, आणि वारा तिकडून. दवबिंदू ३५ म्हणजे हवेचा रेटा ५६. कातडीचाही ५६. वजाबाकी शून्य. घाम कितीही आला तरी उडण्याची वाट बंद. आणि त्या वेळची आर्द्रता किती निघते? ४२ अंशांना पट ८२ चा, त्यात ५६ हजर: ६८ टक्के. आपल्या ऑगस्टच्या दुपारच्या ६३ च्या शेजारचाच आकडा. डिसेंबरच्या यवतमाळची ८८ टक्के सकाळ धहरानच्या त्या ६८ टक्क्यांपेक्षा ‘दमट’ ठरवणारा आकडा आपण रोज वाचतो आहोत.

आपल्या घरात याची सर्वांत साधी साक्ष कूलर देतो. मे महिन्यात कूलरची वाहवा होते आणि जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात तोच कूलर नकोसा होतो. मशीन बिघडलेलं नसतं. कूलर पाण्याची वाफ करून हवा थंड करतो, आणि हवेत आधीच किती वाफ आहे यावर त्याची मर्यादा ठरते. ४२ अंश आणि दवबिंदू १० असेल तर ती मर्यादा सुमारे २१ अंशांची. बऱ्यापैकी ताट्या असलेला कूलर २६ पर्यंत हवा देतो. जूनमध्ये पश्चिमेचा ओला वारा आला, तापमान ३६ वर उतरलं आणि दवबिंदू २४ वर चढला, की मर्यादाच २७ ची होते. कूलर फार तर २९ ची हवा देतो, आणि ती देताना खोलीचा दवबिंदू २६ च्या पुढे नेऊन ठेवतो. बाहेरच्यापेक्षा आत चिकट! त्या दिवसांत पाण्याचा पंप बंद करून नुसता पंखा चालवावा आणि समोरची खिडकी उघडी ठेवावी. कोणत्या दिवसापासून, हे तापमान सांगत नाही, दवबिंदू सांगतो. २० ओलांडला की पंपाचा फायदा आटत जातो.

दवबिंदू घरी मोजताही येतो, आणि हा प्रयोग सातवी-आठवीची मुलं आनंदाने करतात. पातळ स्टीलचा पेला कोरडा पुसून घ्या, त्यात साधं पाणी आणि थर्मामीटर ठेवा. बर्फाचे बारीक तुकडे एकेक टाकत ढवळत राहा. पेल्याच्या बाहेरची चकाकी जिथे पहिल्यांदा धूसर होते, तो आकडा लिहा. मग बर्फ टाकणं थांबवा, आणि धूसरपणा जातो तोही आकडा लिहा. दोघांची सरासरी म्हणजे दवबिंदू. पेल्याजवळ तोंड नेऊन श्वास सोडायचा नाही, नाहीतर स्वतःच्या श्वासाचा दवबिंदू मोजला जातो. आणि माठावर हा प्रयोग करायचा नाही. माठ बाहेरून ओला असतो तो आतलं पाणी झिरपून, हवेतल्या वाफेमुळे नाही. ऑगस्टमध्ये दोन-चार तुकड्यांतच पेला धूसर होतो. मे महिन्यात बर्फ संपत येतो तरी पेला चकचकीत राहतो.

इथे एक पथ्य सांगितलं पाहिजे. दवबिंदू कमी म्हणजे हवा सुरक्षित, असा अर्थ कुणी काढू नये. मे महिन्याच्या ४४ अंशांत दवबिंदू ८ असतो आणि तरी माणसं उष्माघाताने मरतात. तिथे हवाच अंगाला तापवत असते, ऊन वरून भाजत असतं, आणि घाम इतका झटपट उडतो की किती पाणी गेलं हे कळत नाही. दवबिंदू चिकचिक सांगतो, ऊन आणि वारा सांगत नाही. म्हणून तापमान काढून टाका असं मी म्हणत नाही. तापमानाशेजारी टक्केवारीऐवजी दवबिंदू ठेवा, एवढंच म्हणतो. दोन्ही आकडे एकत्र वाचले की कोरडं भाजणं आणि ओलं कोंडणं वेगळं ओळखता येतं.

कुणी म्हणेल, मोबाइलवर ‘फील्स लाइक’ तापमान येतंच की. येतं. पण त्यात तापमान, ओल आणि काही ठिकाणी वारा असं सगळं एकत्र शिजवलेलं असतं, आणि वेगवेगळ्या अ‍ॅपची शिजवण्याची रीत सारखी नसते. ‘४३ सारखं वाटतं’ एवढं कळून कूलरचा पंप बंद करायचा की चालू, हे ठरवता येत नाही.

हा विषय मला केवळ कूलरपुरता वाटत नाही. आपल्याकडे उन्हाबद्दलचे इशारे कमाल तापमानावर बेतलेले आहेत. सपाट प्रदेशात पारा किमान ४० ला पोहोचल्याशिवाय उष्णतेच्या लाटेचा विचारच होत नाही. पाऊस सुरू झाला की यवतमाळचा पारा ४० खाली येतो आणि इशारे संपतात. पण शेतातलं सर्वांत घामाचं काम तेव्हाच सुरू होतं: निंदण, डवरणी, आणि कपाशीवरची फवारणी.

२०१७ चा पावसाळा आपला जिल्हा विसरलेला नाही. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात गेले. सरकारने विशेष तपास पथक नेमलं. कारणं अनेक होती: औषधांची मिश्रणं, माणसाच्या उंचीला आलेली दाट कपाशी, संरक्षणाच्या साधनांचा अभाव. चिकट हवेने ही माणसं मेली असं मी म्हणत नाही. पण तेव्हापासून दर हंगामात एकच उपदेश होतो, ‘किट घालून फवारणी करा’, आणि किट न घालणाऱ्याला बेफिकीर ठरवलं जातं. त्या उपदेशात दवबिंदू कुठे आहे?

ऑगस्ट-सप्टेंबरची दुपार, दवबिंदू २४. उभी कपाशी पानांतून सतत वाफ सोडते, त्यामुळे ओळींच्या मध्ये हवा बांधावरच्यापेक्षाही दमट आणि वारा पडलेला. पाठीवर पंधरा-सोळा लिटरचा पंप. त्यावर प्लास्टिकचा अंगरखा, हातमोजे, मास्क. अंगरख्याच्या आतली हवा थोड्याच वेळात घामाच्या वाफेने भरते, आतला दवबिंदू कातडीच्या तापमानाला भिडू लागतो. म्हणजे बाहेर यवतमाळ आणि किटच्या आत धहरान. एका मजुराने मला एवढंच सांगितलं, “गुरुजी, किट घातली की आत अंघोळ होते, मग कोण घालते?” तो बेफिकीर नाही. किट काढली तर विष, घातली तर घामाची कोंडी, यातलं त्याला लगेच जाणवणारं जे आहे ते तो टाळतो. त्यात भर म्हणजे घामाने भिजलेला सदरा औषध कातडीला चिकटवून ठेवतो.

उपाय हवामान बदलण्यात नाही, वेळापत्रकात आहे. दवबिंदू २३-२४ च्या वर असलेल्या दिवशी किट घालून सलग चार तास काम होणार नाही हे गृहीत धरून पाळ्या ठरवाव्या लागतील: थोडा वेळ फवारणी, मग हात-तोंड धुऊन किट उतरवून सावलीत वाऱ्याला बसणं, तोवर दुसऱ्याची पाळी. मजुरी पंपावर मोजली जात असेल तर हे होणार नाही, कारण बसलेला वेळ त्याच्या खिशातून जातो. शेतमालकाने तो वेळ मजुरीत धरला पाहिजे. आणि पाऊस उघडून उत्तरेचा कोरडा वारा लागला, दवबिंदू १८-१९ वर उतरला, की तेच किट बऱ्यापैकी सुसह्य होतं. दोन-तीन दिवस थांबण्यासारखी कीड असेल तर कोणते दिवस निवडावेत, हे या आकड्यावरून ठरवता येईल. टक्केवारीवरून ठरवता येणार नाही. ती सकाळी घाबरवते आणि दुपारी, माणूस शेतात असताना, दिलासा देते.

यासाठी नवीन यंत्रं लागणार नाहीत. हवामान केंद्रात कोरड्या आणि ओल्या थर्मामीटरची नोंद रोज होते, त्यातूनच दवबिंदू निघतो. विमानासाठी तर तो आधीच जाहीर असतो. नागपूर विमानतळाचा `VANP` या नावाने निघणारा हवामान अहवाल उघडला तर त्यात `32/24` असा तुकडा दिसेल: पहिला आकडा तापमान, दुसरा दवबिंदू. टक्केवारी तिथे नाहीच. वैमानिकाला धुकं आणि ढग ओळखायला हा आकडा लागतो, म्हणून त्याला तो दिवसभर मिळत राहतो. पंप पाठीवर घेऊन कपाशीत शिरणाऱ्या माणसाला आपण अजून टक्के सांगतो.

जिल्ह्याच्या पेपरांनी हवामानाच्या चौकटीत आर्द्रतेच्या जागी दवबिंदू छापावा. कृषी विभागाच्या फवारणीच्या सल्ल्यात त्या आठवड्याचा दवबिंदू आणि त्यानुसार पाळी किती वेळाची, हे एका ओळीत यावं. तोपर्यंत तुमच्या मोबाइलच्या हवामान अ‍ॅपमध्ये जरा खाली जा; बऱ्याच अ‍ॅपमध्ये `Dew Point` नावाची एक ओळ असते. २० च्या खाली असेल तर कूलरमध्ये पाणी भरा. २४ च्या वर असेल, तर शेतात गेलेल्या माणसाला दुपारी लवकर घरी बोलवा.